९० दिवसांचा नोटीस पिरियड : मॅनेजर आणि टीमचं वागणं एकदम बदललंय, उरलेले दिवस कसे काढू?

रेवा_हिंजवडी
नमस्कार मंडळी. पुण्यात एका आयटी कंपनीत बॅकएंडला आहे. ४ जूनला राजीनामा टाकला. नेमणूक पत्रात ९० दिवस आहेत, म्हणजे शेवटचा दिवस १ सप्टेंबर. पहिला आठवडा मॅनेजर गोड बोलत होते, "थांब, पगाराचं बघतो." मी ठाम नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पालटलं. रोजच्या स्टँडअपचं निमंत्रण कॅलेंडरमधून गायब. क्लायंट कॉल बंद. काम काढून घेतलंय, पण दहा मिनिटं उशीर झाला तर विचारणा होते. जेवायला ज्यांच्याबरोबर जायचे, ते मी बाटली भरून येईपर्यंत उठून गेलेले असतात.

गणपतीत गुहागरला जायची रजा नाकारली. वर सगळ्यांसमोर ऐकवलं, "केटी पूर्ण झाल्याशिवाय रिलीज मिळणार नाही." केटी, म्हणजे माझं काम समजून घेऊन हाती घ्यायला माणूस मात्र अजून दिलेलाच नाही. जुलै अर्धा संपला. रविवारी संध्याकाळपासून धडधड सुरू होते, झोप उडाली आहे. हे खरंच रिलीज अडवू शकतात का? की बायआउट करून, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, आत्ताच सुटू?

सडेतोड_नाशिक
तीन महिने नोटीस म्हणजे वेठबिगारी आहे. कोणतंही कोर्ट तुम्हाला जबरदस्तीने नोकरी करायला लावू शकत नाही. उद्यापासून जाऊ नका, काय करतील?

डिलिव्हरीवाला
सडेतोड, कोर्ट कामावर बसवणार नाही हे बरोबर आहे. पण करारातले नोटीसचे पैसे कंपनी मागू शकते, आणि न सांगता गेलं की सिस्टीममध्ये 'अब्स्कॉन्डिंग' लागतं. नवीन कंपनीची पार्श्वभूमी तपासणी होते तेव्हा नेमकं तेच पुढे येतं. रेवाताईंनी हे अजिबात करू नये.

ताई, बरीच वर्षं मी मॅनेजरच्या बाजूला बसलोय, म्हणून तिकडे काय चालतं ते सांगतो. तुम्ही बिलिंगवर आहात, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे क्लायंट देतो. तुम्ही गेलात आणि बदली माणूस मिळाला नाही, तर ती जागा क्लायंट रिकामी धरतो आणि महसुलाचा हिशोब तुमच्या मॅनेजरला द्यावा लागतो. थांबवण्याचा प्रयत्न फसला की वरून त्यालाच विचारतात, "आधी का कळलं नाही?" तो राग तुमच्यावर निघतोय. चारचौघांत बोलणं चूकच आहे. पण क्लायंट कॉल आणि काही अ‍ॅक्सेस काढणं हे बहुतेक ठिकाणी राजीनाम्यानंतर होतंच, त्यात वैयक्तिक काही शोधू नका. ह्या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्यात तर निम्मा ताण हलका होईल.

आता रिलीजचं. राजीनामा पोर्टलवर स्वीकारलेला दिसतोय का, आणि शेवटची तारीख १ सप्टेंबरच आहे का, हे आजच बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घरच्या मेलवर ठेवा. फक्त तेवढंच पान. कंपनीची बाकी कोणतीही फाइल बाहेर पाठवू नका, शेवटच्या दिवसांत तिकडेच लक्ष असतं. तारीख स्वीकारलेली असेल तर ती बदलायला एचआर लागतं, मॅनेजरच्या तोंडी बोलण्याने ती हलत नाही. मॅनेजरच्या हातात खरी अडवणूक एकच असते : क्लिअरन्सच्या फॉर्मवर "केटी अपूर्ण" असा शेरा.

म्हणून केटीचा कागद तुम्हीच तयार करा. एका शीटमध्ये मॉड्यूलचं नाव, कोणाला द्यायचं, सत्राची तारीख, रेकॉर्डिंगची लिंक आणि शेवटी 'रिव्हर्स केटी झाली का' असा रकाना. रिव्हर्स केटी म्हणजे समोरच्याने तेच मॉड्यूल तुम्हाला परत समजावून सांगायचं. ती झाली की "कळलंच नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. माणसाचा रकाना रिकामा असेल तर रिकामाच ठेवा आणि मॅनेजरला मेल करा, एचआर सीसीत :

"सोबत केटीचा आराखडा जोडला आहे. माझा शेवटचा दिवस १ सप्टेंबर आहे. मॉड्यूल घेणाऱ्यांची नावं अजून मिळालेली नाहीत. २५ जुलैपर्यंत कळवल्यास ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सर्व सत्रं पूर्ण होतील. तोपर्यंत मी दस्तऐवज लिहून रेकॉर्डिंग करून ठेवत आहे."

तक्रारीचा एक शब्द नको. दर शुक्रवारी त्याच मेलवर शीटची ताजी प्रत जोडा. "केटी अपूर्ण" लिहिणाऱ्याला मग आधी हा सगळा धागा वाचावा लागेल. शिवाय रिकामे आठ तास छळतात, त्यांनाही काम मिळतं.

कोथरूडची_मीनल
मी टीममधल्या लोकांच्या बाजूने लिहिते. आमची एक मैत्रीण नोटीसवर होती तेव्हा तिची दोन मॉड्यूल्स माझ्या गळ्यात पडली, तीही माझं काम कमी न करता. त्यात लीडने बाजूला घेऊन सांगितलं की तिच्याशी जास्त बोलू नका, सगळेच नोकऱ्या शोधायला लागतील. आम्ही तिच्यावर रागावलो नव्हतो, तिच्याबरोबर दिसायला घाबरत होतो. रेवा, ज्या एक-दोघांशी खरी मैत्री आहे त्यांना ऑफिसबाहेर फोन कर. कँटीनमध्ये समोरून येण्याची वाट बघू नकोस.

अण्णा_सातारा
थांबायला सांगत होते ना? मग पगार वाढवून घ्यायचा होता. माझ्या मुलाने तसंच केलं, आज त्याच कंपनीत मजेत आहे.

रेवा_हिंजवडी
अण्णा, नवीन ऑफर स्वीकारली आहे आणि तिकडे काम माझ्या आवडीचं आहे, त्यामुळे थांबायचा विचार नाही. डिलिव्हरीवाला दादा, पोर्टलवर बघितलं. स्वीकारलेलं आहे, तारीख १ सप्टेंबरच. बायआउटबद्दल सांगाल का? नवीन कंपनी १ ऑगस्टला ये म्हणतेय.

डिलिव्हरीवाला
नेमणूक पत्रातलं वाक्य शब्दशः वाचा. काही ठिकाणी कापणी बेसिकवर असते, काही ठिकाणी ग्रॉसवर. समजा बेसिक ४५,००० आणि ग्रॉस १,१०,००० असेल, तर एका महिन्यासाठी एकीकडे ४५,००० जातात आणि दुसरीकडे १,१०,०००. नवीन कंपनी भरपाई देणार असेल तर ते ऑफर पत्रात लिहून घ्या. आणखी एक अडचण म्हणजे, अनेक करारांत बायआउट मॅनेजरच्या मंजुरीवर असतं. पैसे द्यायची तयारी असूनही ते नाही म्हणू शकतात. म्हणून आधी एचआरला लेखी विचारा, आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत नवीन कंपनीला तारखेचा शब्द देऊ नका.

सडेतोड_नाशिक
आणि गणपतीची रजा? खात्यात रजा शिल्लक आहे तर तो तिचा हक्कच आहे.

एचआर_ठाणे
शिल्लक असली तरी नोटीसमध्ये रजा कधी द्यायची हे बहुतेक कंपन्यांत मॅनेजर ठरवतो, आणि कित्येक ठिकाणी जितकी रजा तितकी शेवटची तारीख पुढे जाते. तेव्हा रजा मागताना "तारीख १ सप्टेंबरच राहील ना?" हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या. आजारपणाची खोटी रजा टाकू नका, नोटीसमध्ये प्रमाणपत्र मागतात. धडधड आणि झोपेचं मात्र खरंच डॉक्टरांना दाखवा. कंपनीच्या विम्यात समुपदेशनाची हेल्पलाइन असेल तर ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरता येते.

डिलिव्हरीवाला
रजेबाबत माझं थोडं वेगळं मत आहे. केटीची सत्रं २२ ऑगस्टपर्यंत संपलेली दाखवलीत तर दोन दिवस सोडायला मॅनेजरही कां-कूं करणार नाही. आत्ता मागू नका, शीट भरत आली की मागा.

एचआर_ठाणे
नको, आत्ताच मागून ठेवा. नकार आला तर तोही लेखी राहील. ऑगस्टमध्ये मागितली तर "आधी का नाही सांगितलं" हे ऐकायला लागेल.

रेवा_हिंजवडी
केटीचा मेल आत्ता पाठवला, एचआर सीसीत. बेसिक की ग्रॉस ते बघायला पत्र शोधतेय, "नोटीस पे इन ल्यू" एवढंच आठवतंय. सापडलं की इथे वाक्य टाकते.