मदत हवी आहे : जुन्या घराच्या वायरिंगवर पॉवरलाइन ॲडॉप्टर चालेल का? स्पीड किती धरावा?

पडवीतली :

नमस्कार मंडळी. राजापूरजवळ आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. सध्या घरून काम करते, त्यामुळे मुक्काम इथेच. फायबर ओटीवर आलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि राऊटरजवळ तेवढा मिळतोही. पण मी बसते माडीवर मागच्या खोलीत. मध्ये दीड-दोन फुटी भिंती. वाय-फायची एखादी कांडी आली तर आली, मीटिंगमध्ये माझा आवाज रोबोटसारखा होतो.

घराबाहेरून केबल फिरवायला सासरे तयार नाहीत ("भिंतीला भोकं नकोत"). म्हणून पॉवरलाइन ॲडॉप्टरचा विचार आहे. एक मैत्रीण तिची वापरलेली जोडी आठवडाभर द्यायला तयार आहे, एव्ही६०० लिहिलेली.

अडचण वायरिंगची. ओटी आणि माजघरात लाकडी पट्टीवरचं जुनं बॅटन वायरिंग, माडीवर नंतर केलेली केसिंग-कॅपिंग. मीटरजवळ अजून किटकॅट फ्यूज आहेत. सिंगल फेज. अर्थिंगची वायर काही बोर्डांत आहे, काहींत नाही. ६०० नको, पण किती मिळेल? आणि असल्या वायरिंगवर हे लावणं धोक्याचं तर नाही?

सुमनताई :

अगं, राऊटरचा ॲडॉप्टर बदलतेस ना, मग व्होल्ट-ॲम्पियर बघून घे. आमच्याकडे १२ व्होल्टच्या जागी ९ चा लावला आणि राऊटर सारखा बंद-चालू होत होता.

पडवीतली :

ताई, तो नव्हे. हे दोन डबे असतात. एक राऊटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा माडीवर. घरातल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेट जातं.

सुमनताई :

विजेच्या तारेतून? बाई बाई. शॉक नाही ना लागत?

नेटका :

पैसे पाण्यात घालू नका. अर्थिंग नसेल तर पॉवरलाइन चालत नाही. आणि वायरिंग ॲल्युमिनियमचं असेल तर विसराच.

चाळीस_वॅट :

नेटका, अर्धं बरोबर आहे तुमचं. सिग्नल फेज आणि न्यूट्रलच्या जोडीवरून जातो, अर्थ नसली तरी चालतं. एव्ही२ मधले वरचे मॉडेल, १२०० वगैरे लिहिलेले, अर्थची तार जास्तीची वाट म्हणून वापरतात. अर्थ नसेल तर तो जास्तीचा फायदा जातो, एवढंच. म्हणजे पडवीतली, तुमच्या घरासाठी महागडा डबा घेण्यात फारसा अर्थ नाही. त्यातून बाजारातले बरेच डबे युरोपियन पिनचे. त्यांची अर्थ बाजूच्या पट्टीला असते, आपल्या सॉकेटच्या वरच्या भोकाशी तिचा संबंधच येत नाही. घरात उत्तम अर्थिंग असूनही उपयोग शून्य.

ॲल्युमिनियमची तार म्हणून सिग्नल अडत नाही. अडतो तो सांध्यांवर. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते, वर्षानुवर्षांनी ती जोडणी ढिली होते आणि गंजते. बॅटन वायरिंगमध्ये अशा जागा किती असतील याचा नेम नाही.

आता स्पीड. खोक्यावरचा ६०० हा दोन्ही दिशांचा मिळून, आदर्श तारेवरचा कच्चा आकडा. त्यातून एव्ही६०० च्या बहुतेक डब्यांचं लॅन पोर्ट १०० चंच असतं, त्यामुळे दोन डबे एकाच बोर्डात शेजारी लावले तरी ९० च्या आसपास येऊन थांबतं. कंपनीच्या ॲपमध्ये जो लिंक रेट दिसतो त्याच्या साधारण निम्मा, कधी तिसरा हिस्सा हातात पडतो. शिवाय अप आणि डाउन एकाच वाटेनं आळीपाळीनं जातात. तुमच्यासारख्या घरात मी २० ते ४० धरून चालेन. १० ला घसरलं तर काहीतरी आडवं आलंय असं समजून शोधायला लागेन.

धोक्याचं म्हणाल तर डबा स्वतः काही वॅटच घेतो, त्यानं तार तापत नाही. तार आधीच वाईट असेल तर ती डब्याशिवायही वाईटच आहे. मोटर किंवा फ्रिज सुरू होताना दिवे मंदावतात का? सॉकेट किंवा बोर्ड कोमट लागतो का? तसं असेल तर आधी वायरमन, मग इंटरनेट.

दोन प्रश्न : घरात इन्व्हर्टर आहे का? आणि राऊटर स्पाइक गार्डवर आहे का?

बव्हेरियाचा बाळ्या :

मी म्युनिकजवळ जुन्या घरात राहतो. इथल्या जुन्या वायरिंगमध्ये दोनच तारा असतात, सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकलेले. त्यामुळे अर्थच्या वाटेचा फायदा मलाही मिळाला नाही. माझा खरा वांधा वेगळाच झाला. डबे लावले आणि व्हीडीएसएलचं कनेक्शन तुटायला लागलं. दोघांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येतात आणि टेलिफोनची तार विजेच्या तारेला समांतर जात होती. तुम्हीही ते तपासून घ्या.

चाळीस_वॅट :

बाळ्या, त्यांच्याकडे फायबर आहे. काचेच्या तारेला त्याचं काही देणंघेणं नाही.

पडवीतली :

इन्व्हर्टर आहे. आणि हो, राऊटर स्पाइक गार्डवर, तोही इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर, कारण इथे वीज कधीही जाते. माडीचा पॉइंट मात्र थेट लाइनवर. वायरमन आमचे बाळूकाका, ते म्हणतात दिवे मंदावत नाहीत, मेगर लावून तारांचं इन्सुलेशन बघतो.

जोडी आली आहे. Pair बटण दाबून जोडली. लाल दिवा लागतोय, म्हणजे जोडणी आहे पण कमजोर. स्पीडटेस्टला कधी ११, कधी ६.

चाळीस_वॅट :

मग तिथेच अडलंय. स्पाइक गार्डमध्ये विजेतला कचरा गाळायला जे भाग असतात, ते आपला सिग्नलही गाळतात. डबा नेहमी भिंतीतल्या सॉकेटमध्ये. आणि इन्व्हर्टरच्या पॉइंटवरून माडीच्या पॉइंटवर जायचं तर सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून मीटरच्या बोर्डापर्यंत उलटं जावं लागतं. तिथे तो बराचसा मरतो.

असं करा. राऊटर आहे तिथेच राहू दे. ओटीवर थेट लाइनचा पॉइंट शोधा, डबा तिथे लावा आणि राऊटरपासून लांब लॅन केबल टाका. स्पीडटेस्ट नको, त्यात बाहेरचं इंटरनेट मिसळतं. एक लॅपटॉप केबलनं राऊटरला जोडून त्यावर

```
iperf3 -s
```

आणि माडीवरच्या लॅपटॉपवर, पहिल्याचा आयपी घालून

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 120
iperf3 -c 192.168.1.10 -t 120 -R
```

पहिली माडीकडून ओटीकडे, दुसरी उलट. पहिल्या लॅपटॉपवर फायरवॉलनं विचारलं तर परवानगी द्या. दर सेकंदाला आकडा येतो. तो बघत बघत घरातली एकेक वस्तू बंद करा.

नेटका :

मी तरी मेश वाय-फाय घेईन.

पडवीतली :

नेटका, मेशचा दुसरा डबा मध्ये कुठे ठेवू? मध्ये देवघर आहे आणि पलीकडे पुन्हा भिंत.

केलं सगळं. आधी दोन्ही डबे एकाच बोर्डात लावून बघितले : ९३. म्हणजे डबे ठणठणीत. मग ओटीवर खिडकीखालच्या थेट पॉइंटवर एक, माडीवर एक. ॲपमध्ये लिंक रेट ८० च्या आगेमागे, iperf मध्ये माडीकडे येताना ३१ ते ३४, उलट २६. नुसता इन्व्हर्टर आणि स्पाइक गार्ड वाटेतून काढल्यानं एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मात्र १४ वर आलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आकडा बघत बसले. ट्यूब बंद केली, काही नाही. पंखा बंद, काही नाही. मग त्याच बोर्डातला मोबाइलचा लोकल चार्जर उपटला आणि पुढच्याच ओळीला २९. परत लावला, परत १४. मोबाइल जोडलेला नसतानाही हेच. खाली मिक्सर चालू असला की २० पर्यंत येतं, पण ते चटणीपुरतं.

बाळूकाकांचं मेगर : माडीची लाइन चांगली. माजघराची एक लाइन एक मेगाओमच्याही खाली. ती ते बदलणार आहेत. इंटरनेटचा त्या लाइनशी संबंध नाही म्हणे, पण बरं झालं बघितलं.

चाळीस_वॅट :

चार्जरमधल्या स्वस्त सर्किटचा कचरा आहे तो. डब्याच्या जितका जवळ तितका त्रास. चार्जर दुसऱ्या बोर्डावर लावा, नाहीतर बरा घ्या. मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात, ३० म्हणजे चैन आहे. त्यापेक्षा `ping` तासभर चालू ठेवून बघा. आकडा मोठा असून मध्येच उत्तरं गळत असतील तर आवाज तुटणारच.

पडवीतली :

`ping` राऊटरपर्यंत ४ ते ९ मिलिसेकंद, मिक्सरच्या वेळी एकदम ४०. गळती नाही. आज दोन मीटिंगा केल्या, कुणी काही बोललं नाही.

आता एकच राहिलंय. वीज गेली की राऊटर चालू, लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण दोन्ही डबे बंद. काका म्हणतात माडीचा पॉइंट इन्व्हर्टरवर घेऊन देतो. मग ओटीवरचा डबाही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर नेला की दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या एकाच बाजूला येतील. चालेल का?

चाळीस_वॅट :

वीज असताना चालावं, उलट सिग्नलला मीटरपर्यंत जावंच लागणार नाही. वीज गेल्यावरचं मी खात्रीनं सांगणार नाही. हे डबे मेन्सच्या ५० हर्ट्झच्या लाटेशी ताल जुळवून चालतात. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह?

बव्हेरियाचा बाळ्या :

इन्व्हर्टर म्हणजे सोलरचा का? माझ्या शेजाऱ्यानं छतावर सोलर बसवल्यापासून माझा स्पीड दिवसा पडतो.

चाळीस_वॅट :

तो वेगळा, बाळ्या. पण सूर्य मावळल्यावर स्पीड परत येत असेल तर संशय रास्त आहे.

पडवीतली :

इन्व्हर्टरवर स्क्वेअर वेव्ह लिहिलंय. जुनाच आहे.

चाळीस_वॅट :

मग पॉइंट फिरवण्याआधी चाचणी करा. तात्पुरते दोन्ही डबे खाली इन्व्हर्टरच्याच पॉइंटांवर लावा, मेन स्विच पाडा आणि iperf चालवा. आकडा आला तर काकांना बोलवा. नाही आला तर सासऱ्यांना एवढंच विचारा की कौलांखालून, आहे त्या फटीतून बारीक फायबर नेलं तर चालेल का. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतील, पण तार काचेची. भोक पाडायला नको, आणि तुमच्याकडच्या विजांच्या दिवसांत ती तांब्याच्या केबलपेक्षा बरी.

पडवीतली :

मेन स्विच रविवारी पाडते, सासऱ्यांची मालिका नसते तेव्हा. आकडे इथेच टाकीन.

सुमनताई :

मिक्सरचं वाचलं. आमच्याकडेही मिक्सर लावला की टीव्हीवर रेघा यायच्या. तेच का हे?

चाळीस_वॅट :

तेच, ताई.