मदत हवी आहे: हळदीच्या कॅप्सूलसोबत आलेल्या पत्रकातले अभ्यास कसे वाचायचे?

वसमतकर
आईचे गुडघे बऱ्याच दिवसांपासून दुखायलेत. हाडांच्या डॉक्टरांनी झीज सांगितली, गोळ्या लिहून दिल्या. पण गोळी घेतली की पोटात आग पडते, म्हणून ती दोन दिवस घेते अन् चार दिवस टाळते. आता पाहुण्यांतल्या एकानं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात. डबीवर लिहिलंय, 500 मिलिग्रॅम, 95 टक्के कर्क्युमिनॉइड, सोबत मिऱ्याचा अर्क.

आतल्या पत्रकात दोन अभ्यासांचा दाखला आहे. एक थायलंडचा, 2014 चा. 367 रुग्ण, हळदीच्या अर्कानं आयबुप्रोफेनइतकाच आराम. दुसरा ऑस्ट्रेलियातल्या तास्मानियाचा, 2020 चा. 70 रुग्ण, 12 आठवडे, प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, दुखणं कमी. आईचं म्हणणं, घरात हळदीची पोती पडलीत अन् तुम्ही डबीला पैसे घालता! मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्यात. घरची हळद आणि ही कॅप्सूल यांचा हिशोब कसा लावायचा? आणि दोन अभ्यासांतला कोणता धरायचा?

नांदेडचा_संजू
सोपं आहे भाऊ. 367 कुठं आणि 70 कुठं! जितके जास्त पेशंट तितका अभ्यास पक्का. शिवाय थायलंडवाल्यांनी खऱ्या औषधाशी टक्कर दिलीय. साखरेच्या गोळीला हरवण्यापेक्षा आयबुप्रोफेनची बरोबरी करणं अवघड. थायलंडचा धरा.

शेतकरी_कुरुंदा
आमची हळद सेलम वाणाची आहे, भाव काय चाललाय तिकडं? आणि गुडघ्याचं म्हणाल तर मी रोज रात्री दूध-हळद घेतो. मागच्या उन्हाळ्यात पाय टेकवत नव्हता, घ्यायला लागलो अन् महिन्यात उतार पडला. पावसाळ्यात परत धरला, ती गोष्ट वेगळी.

मीनाक्षी_संभाजीनगर
फार्मसी कॉलेजात शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. कर्क्युमिनॉइड म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे घटक. वाळलेल्या हळदीत ते साधारण 3 टक्के धरा, वाणाप्रमाणे वर-खाली होतं. तुमच्या एका कॅप्सूलमध्ये 500 चे 95 टक्के, म्हणजे 475 मिलिग्रॅम. तेवढं पुडीतून काढायचं तर जवळपास 16 ग्रॅम हळद लागेल, सपाट पाच चमचे. दुधात आपण टाकतो अर्धा चमचा, दीड ग्रॅम. त्यात कर्क्युमिनॉइड 45 मिलिग्रॅम, कॅप्सूलच्या दहाव्या हिश्शाइतकं. म्हणून अर्कावरचा अभ्यास दाखवून "दूध-हळद सिद्ध झाली" म्हणता येत नाही. आईंचा पैशाचा मुद्दा मात्र अगदी रास्त आहे.

आता खरी मेख. तास्मानियाच्या अभ्यासात दिवसाला 500 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल होत्या, आकडा तुमच्या डबीसारखाच दिसतो. पण तो अर्क वेगळा. त्याचा मोठा भाग हळदीचा पाण्यातला अर्क, त्यातल्या शर्करायुक्त घटकांवर प्रमाणित केलेला. कर्क्युमिनॉइडचा वाटा लहान. तुमच्या डबीत जवळजवळ सगळं कर्क्युमिनॉइडच. दोन्हीवर "हळदीचा अर्क" लिहिता येतं, पण एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही. म्हणून शोधनिबंध हातात आला की मी निकाल नंतर बघते. आधी "पद्धती"च्या भागात अर्क कशापासून, कशात काढला आणि कोणत्या घटकावर प्रमाणित केला ते शोधते. तिथं नुसतं "हळद" लिहिलं असेल तर डबी त्याच्याशी जुळवायचीच कशी?

नांदेडचा_संजू
ते ठीक. पण 367 चं काय?

मीनाक्षी_संभाजीनगर
संख्या मोठी असणं चांगलंच, नाकारत नाही. पण त्या अभ्यासात प्लासिबोचा गट नव्हता आणि मुदत 4 आठवड्यांची. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. कुरुंद्याच्या दादांचंच बघा ना. गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं. माणूस औषध सुरू करतो ते दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा. त्यानंतर काहीच नाही केलं तरी बऱ्याच जणांचं ते थोडं खाली येतं. त्यात "आपल्याला औषध मिळतंय" हा दिलासा वेगळाच. दोन्ही गटांत हा उतार सारखा आला तर दोन्ही औषधं सारखीच दिसणार. यातला किती उतार हळदीचा, हे तिसऱ्या, प्लासिबोच्या गटाशिवाय वेगळं काढता येत नाही.

नांदेडचा_संजू
म्हणजे आयबुप्रोफेनही बेकार ठरलं की!

मीनाक्षी_संभाजीनगर
नाही. आयबुप्रोफेन प्लासिबोसमोर दुसऱ्या अभ्यासांत पारखलेलं आहे. इथं दिवसाला 1200 मिलिग्रॅम दिलं होतं, तोही झेपेल असा डोस. एक गोष्ट थायलंडच्या बाजूनं सांगायलाच हवी. पोटदुखीचा त्रास आयबुप्रोफेनच्या गटात जास्त निघाला. वसमतकरांच्या घरचा प्रश्न तोच आहे, त्यामुळे तो अभ्यास फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही.

आणि 70 चं म्हणाल तर, 36 जण हळदीवर, 34 प्लासिबोवर. दुखणं 100 मिलिमीटरच्या पट्टीवर मोजलं. हळदीच्या गटात ते प्लासिबोपेक्षा सरासरी 9.1 मिलिमीटरनं जास्त उतरलं. पण त्याच्याच शेजारी मर्यादा दिलेली असते ती वाचा, 0.4 ते 17.8. म्हणजे खरा फरक जाणवेल इतका असू शकतो किंवा जवळपास शून्यही. लहान अभ्यासाची ही अडचण, उत्तर मिळतं पण पसरट. शिवाय ज्यांच्या गुडघ्यात सोनोग्राफीवर सूज-पाणी दिसलं असेच लोक घेतले होते आणि एमआरआयवर ती सूज काही वेगळी कमी झालेली दिसली नाही. पत्रकात हे आलंय का?

वसमतकर
नाही मॅडम. पत्रकात नुसतं "दुखणं कमी" एवढंच आहे. आणि ते मिरं कशाला?

मीनाक्षी_संभाजीनगर
कर्क्युमिनॉइडमधला मुख्य घटक कर्क्युमिन, तो आतड्यातून रक्तात फार कमी जातो. 1998 मध्ये बेंगळुरूत मोजक्या निरोगी लोकांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढलं. जाहिरातीतला तो आकडा इथला. पण तिथं रक्त तपासलं होतं, गुडघा नाही. आणि पिपेरिन शरीराचं औषध निचरायचं काम मंदावतं, ते दुसऱ्या औषधांनाही लागू पडतं. आईंना आणखी काय चालू आहे?

वसमतकर
बीपीची गोळी. आणि मागं छातीत दुखलं होतं तेव्हापासून रक्त पातळ करायची.

मीनाक्षी_संभाजीनगर
मग डबी तशीच बंद ठेवा आणि गोळ्यांच्या पाकिटांसह डॉक्टरांना दाखवा. हळदीच्या अर्कानंही रक्तस्राव वाढायची शक्यता धरतात. जास्त शोषल्या जाणाऱ्या अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेलीत. भाजीतली हळद बिनधास्त खाऊ द्या. पोटात आग पडते तेही त्यांना सांगा, गोळी बदलता येते.

औसा_रिटायर्ड_मास्तर
एक शंका. हळदीच्या कॅप्सूलला वास येतो, ढेकर येते. पेशंटला कळणार नाही का आपल्याला कोणती मिळाली?

मीनाक्षी_संभाजीनगर
सर, हाच माझाही आक्षेप आहे. शेवटी पेशंटना "तुम्हाला कोणती मिळाली वाटतं?" असं विचारलं का, ते निबंधात शोधायचं. दुखणं पेशंटच सांगतो, त्यामुळे ओळखलं असेल तर 9 मिलिमीटरमधले काही तिथंच गेले.

नांदेडचा_संजू
मला अजून वाटतं, 367 ला काहीतरी किंमत आहे.

वसमतकर
डॉक्टरांची वेळ घेतलीय. पाहुणे मात्र रुसलेत.

शेतकरी_कुरुंदा
मॅडम, आमच्या मालात ते 3 टक्के आहे का 4, हे कुठं तपासून मिळतं? व्यापारी नुसता रंग बघून भाव करतो.