मदत हवी आहे: रजा धोरणातून बाळंतपणाच्या रजेचं सोपं माहितीपत्रक

मेघा_चिपळूण
लोट्याच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. आमचं रजा धोरण इंग्रजीत आहे आणि बाळंतपणाच्या तरतुदी तीन ठिकाणी विखुरल्यात: रजेच्या प्रकरणात, व्याख्यांत आणि परिशिष्टात. त्यातून एक पानी मराठी पत्रक करायचंय, कोणाला, किती, कधीपासून. सोमवारी फलकावर लावायचंय. धोरणात 'एक वर्ष नोकरी पूर्ण' अशी अट आहे. आमच्याकडची एक जण ५ जानेवारी २०२६ला लागली, बाळंतपणाची तारीख २० जून. म्हणजे ती बसत नाही ना? तयार नमुना असेल तर टाका, लवकर.

तात्या_देवरूख
माझी सून झेडपीच्या शाळेत आहे, तिला १८० दिवस मिळाले. अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा, काही अडचण येत नाही.

मेघा_चिपळूण
तात्या, आमचा खाजगी कारखाना आहे. झेडपीचे नियम आम्हाला लागत नाहीत.

वसुधा_रत्नागिरी
मेघा, आधी सांग: एकूण माणसं किती? तिच्या पगारातून ईएसआय कापतात का? आणि हे तिचं कितवं मूल?

मेघा_चिपळूण
साठच्या वर माणसं आहेत. पगार २८ हजार, ईएसआय नाही. पहिलंच. एवढं कशाला लागतं?

वसुधा_रत्नागिरी
कारण पैसे कोण देणार आणि किती आठवडे, हे यावरच ठरतं. ईएसआयची मर्यादा २१ हजार आहे. त्याच्या आतल्या बाईला रजेचे पैसे ईएसआयकडून मिळतात, त्यांची वर्गणीची अट वेगळी असते. तुमच्या पत्रकात या दोघींसाठी दोन वेगळे रकाने कर, एकत्र केलंस की गोंधळ होणार.

आता तुझी बाई. एक वर्षाची अट विसर. कायद्याची अट आहे तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम. ती ५ जानेवारीला लागली. रजा लवकरात लवकर २५ एप्रिलपासून घेता येते, कारण तारखेआधी जास्तीत जास्त ८ आठवडे. म्हणजे २४ एप्रिलपर्यंत ११० दिवस होतात. त्यातले सगळे रविवार वजा केले तरी ९५ उरतात. दांड्या फार नसतील तर ती बसते. धोरण कायद्यापेक्षा कमी देत असेल तर कायदाच चालतो, जास्त देत असेल तर धोरण. पत्रकात धोरणाची ओळ जशीच्या तशी उतरवलीस तर ती वाचून बाई अर्जच करणार नाही, हा खरा धोका आहे.

सचिन_मालवण
२६ आठवडे म्हणजे कामाचे दिवस धरायचे, रविवार सोडून. आमच्या हॉटेलात तसंच धरतात.

वसुधा_रत्नागिरी
नाही सचिनभाऊ. आठवडा सात दिवसांचा, रविवारचेही पैसे धरायचे. बी. शहा प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. २६ आठवडे म्हणजे सरळ १८२ दिवस. मेघाच्या बाईनं २५ एप्रिलला रजा सुरू केली तर २३ ऑक्टोबर शेवटचा दिवस. पत्रकात अशी एक मोजलेली तारीख छाप, नुसत्या आठवड्यांनी लोकांना कळत नाही.

सचिन_मालवण
बरं, ते मान्य. पण दोन मुलं असतील तर रजाच नाही ना?

वसुधा_रत्नागिरी
आहे, १२ आठवडे, तारखेआधी ६ पर्यंत. आणि मोजायची ती हयात मुलं, बाळंतपणं नव्हेत. पहिल्या वेळी जुळी झाली असतील तर दुसऱ्या बाळंतपणाला १२च. धोरणात 'दुसरं बाळंतपण' असं लिहिलंय का तपास. बऱ्याच धोरणांत तसंच लिहिलेलं असतं, आणि ते चुकतं.

मेघा_चिपळूण
अगदी तसंच लिहिलंय. आणि वडिलांसाठी 'कायम कर्मचाऱ्यास १५ दिवस, जन्मापासून तीन महिन्यांत'. हे तरी तसंच उतरवू?

सचिन_मालवण
हो, १५ दिवस कायद्यानंच आहेत. माझ्या भावाला मिळाले.

वसुधा_रत्नागिरी
भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत असेल. तिथे १५ दिवस आहेत, दोनपेक्षा कमी मुलं असलेल्यांना. खाजगी नोकरीत वडिलांसाठी तसा कायदा नाही, तिथे धोरण हाच आधार. म्हणून हे कलम मात्र मेघा, शब्दन् शब्द उतरव, आणि पत्रकात 'कंपनीच्या धोरणानुसार' असं लिही. आईच्या रकान्यात 'कायद्यानुसार'. नाहीतर वडील कायद्याच्या भरवशावर भांडायला येतील.

मेघा_चिपळूण
मग परिविक्षाकाळात असलेला बाबा? आमच्याकडे असे दोघे आहेत, एकाचं बाळ मेमध्ये. 'कायम' शब्दाचा अर्थ व्याख्यांत कुठे नाही.

वसुधा_रत्नागिरी
ते मी ठरवू शकत नाही, तूही नको ठरवूस. व्यवस्थापनाकडून लेखी घे, तोवर ती ओळ रिकामी ठेव. आणखी एक, गर्भपात झाल्यास ६ आठवड्यांची रजा आहे. ते परिशिष्टात दडलेलं असेल, शोधून वर आण. तसं झालेली बाई विचारायला येत नाही.

तात्या_देवरूख
आमच्या सुनेला अर्जाबरोबर दाखला जोडावा लागला होता, तेही लिहा.

मेघा_चिपळूण
तात्या, हे बरं सांगितलंत, दाखल्याची ओळ घालते. वसुधाताई, 'एक वर्ष' वगळलं तर साहेब म्हणतील धोरण आधी बदला, मग पत्रक लावा. सोमवारी काय लावू?