कर्ज फिटलं तरी घराचे मूळ कागद मिळेनात: बँकेला काय पत्र दिलंत? अनुभव सांगा

बोरिवलीकर: आमच्या फ्लॅटचं लोन ५ जून २०२४ ला पूर्ण फिटलं. नो ड्यूज लेटर आठवड्यात मिळालं पण मूळ कागद काही येईनात, ब्रांचमध्ये गेलं की एकच उत्तर, कागद नवी मुंबईच्या गोडाऊनला आहेत, येतायत. महिना तसाच गेला. मग १२ जुलैला लेखी तक्रार दिली, दोन प्रतींत, आणि आमच्या प्रतीवर तारखेसकट इनवर्डचा शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. २००९ साली कागद जमा करताना बँकेने दिलेली यादी बायकोने जपून ठेवली होती, तीच जशीच्या तशी पत्रात उतरवली: आमचा मूळ करारनामा, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू, आधीच्या मालकाचा मूळ करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. शेवटी लिहिलं, "कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत करायचे असा रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. ही मुदत ५ जुलैला संपली. ६ जुलैपासून दररोज ५००० रुपये भरपाई आमच्या खात्यात जमा करावी व उशिराचं कारण लेखी कळवावं."

कागद २२ ऑगस्टला मिळाले. तुमच्याकडे काय झालं ते सविस्तर लिहा, भरपाईचं विशेषतः.

ठाण्याची मावशी: माझ्या मुलाच्या गाडीचं लोन संपलं, आरसीवरून बँकेचं नाव काढायला किती खेटे घातले! त्यालाही हेच पत्र चालेल का?

मुलुंड पूर्व: भाऊ, पत्रबित्र कशाला, सरळ लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका, cms.rbi.org.in वर. आणि आमचं लोन २०२१ ला संपलंय, कागद अजून नाहीत, म्हणजे हजारावर दिवस गुणिले ५०००, मी सोडणार नाहीये.

निवृत्त कर्जविभाग: मुलुंडकर, साइट बरोबर आहे पण आधी बँकेकडेच लेखी तक्रार लागते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच लोकपाल, नाहीतर तक्रार तिथेच बंद होते. आणि रोजचे ५००० फक्त १ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतर कागद परत करायची वेळ आलेल्यांना. तुमचे कागद त्याआधीच देय होते त्यामुळे तो दर लागू नाही. कागद मागायचा हक्क मात्र आहेच, पत्र आजच द्या.

मावशी, गाडीच्या कर्जाची कामं वेगळी, तिथे फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन आरटीओत जावं लागतं.

बोरिवलीकर, भरपाई मिळाली का?

बोरिवलीकर: तिथेच तर अडलंय. आमच्या हिशोबाने ६ जुलै ते २२ ऑगस्ट ४८ दिवस, म्हणजे २ लाख ४० हजार. बँक म्हणते आधीच्या मालकाचा करार गहाळ झाला होता, तो शोधण्यात वेळ गेला, म्हणून आणखी ३० दिवस धरायचे, आणि ५ ऑगस्टपासून १८ दिवसांचे ९० हजार देऊ.

निवृत्त कर्जविभाग: जास्तीचे ३० दिवस आहेत खरे, पण कागद हरवला किंवा खराब झाला तर तुम्हाला नक्कल मिळवून देण्यासाठी, आणि तो खर्चही बँकेनेच करायचा असतो. पोलिसात हरवल्याची तक्रार केली का, पेपरात जाहीर नोटीस दिली का, सब-रजिस्ट्रारकडे प्रमाणित प्रतीचा अर्ज केला का, हे लेखी विचारा. यातलं काहीच केलं नसेल तर कागद हरवला नव्हता, कपाटात होता. माझ्या मते ४८ दिवस पूर्ण लागतात. पण लोकपाल काय धरतील ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत.

डोंबिवली फास्ट: माझं उलट झालं. सही करायला दिलेल्या पावतीवर "सर्व कागदपत्रे मिळाली" छापलं होतं, मी घाईत केली सही आणि घरी आल्यावर बघते तर शेअर सर्टिफिकेट नाही. आता बँक म्हणते दिलंय. तिथेच टेबलावर यादी लावून पानं मोजा आणि कमी असेल ते पावतीवर पेनाने लिहूनच सही करा.

चेंबूरचा मुलगा: कर्ज एकट्या वडिलांच्या नावावर होतं, ते गेले, बाकी आम्ही भरली. बँक रोज नवीन कागद मागतेय वारसासाठी.

निवृत्त कर्जविभाग: एकटा कर्जदार गेला तर वारसाला कागद द्यायची पद्धत बँकेने स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची असते, त्याच आदेशात आहे. ती प्रिंट काढून पत्राला जोडा आणि त्यात नसलेली मागणी कुठल्या नियमाने, ते विचारा.

बोरिवलीकर: पोलिस तक्रारीचं काल विचारलं. मॅनेजर म्हणाले तशी काही केली नव्हती. तेच लेखी द्या म्हणालो तर गप्प. आज त्यासाठी दुसरं पत्र दिलं, शिक्का घेतलाय.