सर्क्युलेशनच्या नियमाला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ, नांदेड: बारावीच्या नोट्स मराठीत करायलोय. जाड गोल वायरीतून करंट चाललाय, तिच्या आत अन् बाहेर चुंबकीय क्षेत्र किती, असं गणित आहे. 'अभिसरणाचा नियम' लिहिलं तर पोरं विचारायलेत की सर करंट वायरीत रक्तासारखा गोल फिरतो का. काय लिहू?

शुद्धमराठी: अभिसरणच लिहा. रूढ शब्द आहे.

जालनेकर: रूढ असंल पण अभि + सृ म्हणजे कुणाकडं तरी जाणं. अभिसारिका प्रियकराकडं जाते, त्याच्याभोवती चकरा मारत नाही 😀

जुने मास्तर, परभणी: पोरांचा घोळ शब्दाचा नाही. करंट सरळच जातो, चक्कर आपण मनातल्या मनात मारायची. चालताना क्षेत्राचा आपल्या दिशेचा भाग गुणिले पाऊल असं बेरजेत घेत जायचं, चक्कर पुरी झाली की ती बेरीज μ₀ गुणिले त्या चकरेतून आरपार जाणारा करंट इतकी येते. २ मिमी त्रिज्येची वायर अन् १० अँपिअर घ्या, करंट सगळीकडं सारखा पसरलेला. १ मिमीवरची चक्कर घेतली तर क्षेत्रफळ पाव, म्हणून आत २.५ अँपिअरच, अन् चकरेची लांबी पृष्ठभागावरच्या निम्मी. पाव भागिले निम्मं, म्हणजे क्षेत्र निम्मं. पृष्ठभागावर १ मिलिटेस्ला येतं, तर इथं ०.५. बाहेर ४ मिमीवर करंट पुरा १० पण लांबी दुप्पट, तिथंही ०.५च. आत B = μ₀Ir/2πR², बाहेर B = μ₀I/2πr. दोन्हीत r = R टाकून पाहा, उत्तर एकच यायला पाहिजे, नाही आलं तर पोरानं आत पण पुरा करंट धरलाय.

जालनेकर: म्हणजे चकरेबाहेरचा करंट क्षेत्रच तयार करत नाही.

जुने मास्तर, परभणी: करतो की. वायर गोल आहे म्हणून सगळ्या बाजूंचं मिळून आत शून्य होतं. चौकोनी पट्टी असली तर नियम खराच राहतो, पण चकरेवर क्षेत्र सगळीकडं सारखं नसतं, मग त्याला बेरजेतून बाहेर काढता येत नाही अन् उत्तर असं सुटत नाही.

मोटारवाला: आमच्या टाँग टेस्टरमधी एक वायर धरली की अँपिअर दाखवतो, फेज न्यूट्रल दोन्ही धरल्या की शून्य. टेस्टर खराब का?

जुने मास्तर, परभणी: चांगलाय भाऊ. एक करंट जायलाय, दुसरा तेवढाच परत यायलाय, जबड्यातून आरपार एकूण शून्य.

गोदाकाठ, नांदेड: मग 'वेढलेला करंट' लिहू?

शुद्धमराठी: 'परिबद्ध विद्युतधारा'.

जालनेकर: परिबद्ध वाचून पोरगं पुस्तकच बंद करंल.

लातूरची माय: आमच्या घरात एसी करंट आहे, त्याला हे चालंल का?

जुने मास्तर, परभणी: ५० हर्ट्झला तांब्यात करंट कातडीकडं सरकायला लागतो तो साधारण ९ मिमीच्या हिशेबानं, तुमच्या २ मिमीच्या वायरीला फरक दिसणार नाही. फार जाड दांड्याला मात्र करंट सारखा पसरलेला धरता येत नाही, मग आतलं सूत्र बिघडतं, बाहेरचं तसंच राहतं.

शुद्धमराठी: 'कातडी' काय मास्तर, 'त्वचा परिणाम' म्हणा!

मोटारवाला: त्वचेला बी कातडीच म्हणतेत की ओ.