मदत हवी आहे: दर आठवड्याच्या रिफाइनमेंटमध्ये कोणती तिकिटं घ्यायची, कोणती सोडायची?

नवखा_पीओ: आमच्या टीममध्ये ५ डेव्हलपर, १ क्यूए आणि पीओ मी. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, रिफाइनमेंट दर बुधवारी १ तास. बॅकलॉगमध्ये २१० तिकिटं आहेत. वरून एकेक उघडत जातो, तासात जेमतेम ३ होतात. मागच्या बुधवारी "कूपन वापरलेली ऑर्डर अर्धवट रद्द केली तर परतावा" या एकाच तिकिटावर ३५ मिनिटं गेली आणि शेवटी ते तसंच राहिलं. पुढे प्लॅनिंग लांबतं आणि स्प्रिंट सुरू झाल्यावर पुन्हा प्रश्न निघतात. तिकीट तयार झालं हे ठरवायचं कसं?

अरुंधती_पुणे: २१० चा आकडा आधी विसरा. एका स्प्रिंटमध्ये तुमची किती तिकिटं पूर्ण होतात? ८ धरू. एका स्प्रिंटमागे दोन बुधवार मिळतात, म्हणजे दर वेळी ४ तयार व्हायला हवीत. एखाददुसरं अडकणारच, म्हणून ६ निवडा. सोमवारी निवडून टीमला पाठवा, म्हणजे लोक वाचून येतील. जिरामध्ये त्या सहांना लेबल लावलं की यादी अशी निघते:

```
project = SHOP AND labels = refine AND statusCategory = "To Do" ORDER BY Rank ASC
```

पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये जे येणार नाही ते उघडूच नका. आज केलेली चर्चा तीन महिन्यांनी कोणाला आठवत नाही, तोवर कोडही बदललेला असतो. बग पुन्हा घडवून बघायच्या पायऱ्या स्पष्ट असतील आणि काम अर्ध्या दिवसाचं असेल, तर तेही मीटिंगमध्ये नको.

आता तुमचं कूपनचं तिकीट. ६०० आणि ४०० च्या दोन वस्तू, एकूण १०००. कूपन "८०० च्या वर १०० सूट", म्हणजे ग्राहकाने भरले ९००. त्याने ४०० ची वस्तू रद्द केली. सूट किमतीच्या प्रमाणात वाटली तर परतावा ३६०. पण उरलेली ऑर्डर ६०० ची, ८०० च्या खाली, म्हणून कूपनच काढून घेतलं तर परतावा ३००. हा ६० रुपयांचा फरक डेव्हलपर ठरवू शकत नाहीत, तो धंद्याचा निर्णय आहे. ३५ मिनिटं तिथेच गेली असणार. असा प्रश्न निघाला की पाचव्या मिनिटाला थांबायचं, तिकिटावर प्रश्न, कोणाला विचारायचं ते नाव आणि तारीख लिहायची आणि पुढच्या तिकिटाकडे वळायचं.

तपासनीस७: यावर उपाय एकच, कडक चेकलिस्ट. आमच्याकडे १२ मुद्दे आहेत: एपीआय डिझाइन, अंतिम स्क्रीन, टेस्ट केस, सगळं. एकही राहिला तर तिकीट स्प्रिंटमध्ये येत नाही.

अरुंधती_पुणे: चेकलिस्ट हवी, पण बारा मुद्दे नकोत. एपीआय डिझाइन आधीच पूर्ण पाहिजे म्हटलं की निम्मं काम स्प्रिंटच्या बाहेर, कोणाच्या नजरेत न येता होतं आणि तयार तिकिटांचा दुष्काळ पडतो. स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतली अट साधी आहे: एका स्प्रिंटमध्ये पूर्ण करता येण्याजोगं असेल ते निवडायला तयार. मी तीनच गोष्टी बघते. दुसऱ्या टीमवरचं अवलंबन माहीत आहे का, आकार स्प्रिंटमध्ये मावतो का, आणि ज्याने तिकीट लिहिलेलं नाही तो उदाहरणासकट अपेक्षित निकाल सांगू शकतो का. कूपनच्या तिकिटात "परतावा बरोबर यावा" असं लिहिलं तर ते तयार नाही. "९०० भरले, ४०० ची वस्तू रद्द, परतावा ३००" असं लिहिलं की तयार.

तपासनीस७: उदाहरणाचं पटलं. पण स्क्रीनचं चित्र नसेल तर क्यूए काय तपासणार? तो मुद्दा मी सोडणार नाही.

रात्रपाळी: आमच्याकडे प्रॉडक्शन सपोर्ट आहे, रोज १५ तिकिटं येतात. बुधवारपर्यंत थांबलो तर एसएलए जाईल. आठवड्याची मीटिंग बंद करून रोज सकाळी १० मिनिटं बसा.

अरुंधती_पुणे: सपोर्टला तेच योग्य, पण ते ट्रायज झालं. इथे नवीन फीचरचा प्रश्न आहे.

बॅकएंड_सातारा: सातही जण तासभर बसणं म्हणजे आठवड्याला ७ तास. आधी पीओ, एक डेव्हलपर आणि क्यूए यांनी २० मिनिटं तिकिटं चाळावीत. निम्मे प्रश्न तिथेच निघतात.

अरुंधती_पुणे: चाळायला हरकत नाही, पण अंदाज त्या तिघांनी देऊ नये. एकाने २ आणि दुसऱ्याने ८ पॉइंट दिले की समजावं, दोघांच्या डोक्यात दोन वेगळी कामं आहेत. तो फरक सगळे बसले तरच दिसतो.

बॅकएंड_सातारा: त्यासाठी दर आठवड्याला सातही जण? मला नाही पटत.

नवखा_पीओ: सोमवारी ६ तिकिटं पाठवतो. ३०० की ३६० हे फायनान्सला विचारलं, शुक्रवारपर्यंत सांगतो म्हणालेत. एक राहिलं: प्लॅनिंगच्या सकाळपर्यंत उत्तर आलंच नाही तर प्रमाणात वाटप धरून तिकीट घ्यावं का, की पुढच्या स्प्रिंटला ढकलावं?

अरुंधती_पुणे: ढकला. आधीच दिलेले ६० रुपये ग्राहकाकडून परत मागता येत नाहीत. पूर्ण ऑर्डर रद्द झाली तर ९०० परत, यात वादच नाही. तेवढा भाग वेगळं तिकीट करून याच स्प्रिंटमध्ये घ्या.