‘नाकारण्यात येत आहे’ला मऊ शब्द कोणता?

लेथवाला, उद्यमनगर: आमचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं २०० बुशांची ऑर्डर १५ दिवसांऐवजी ६ दिवसांत मागितली. मी मेल टाकला, ‘आपली मागणी नाकारण्यात येत आहे.’ लगेच फोन! ‘आम्ही काय तुमच्याकडं अर्ज केला होता काय?’ नकाराला मऊ शब्द सुचवा.

शब्दवेडी: ‘अस्वीकार’ लिहा. भारदस्त वाटतं.

जुना मास्तर: भारदस्त आहे, मऊ नाही. गिऱ्हाइकाचं दुखणं वेगळंच आहे. अर्ज नाकारतात, फेटाळतात, ते वरच्या खुर्चीतून. त्यात तुमचं ‘नाकारण्यात येत आहे’, म्हणजे नाकारणारा कोण तेही कळत नाही, थेट कचेरीचं पत्र. नाम शोधत बसू नका, वाक्य फिरवा. ‘आम्ही देणार नाही’ यात मनात नाही असं दिसतं. ‘आम्हाला देता येणार नाही’ म्हटलं की अडचण दिसते. ‘आम्ही’चं ‘आम्हाला’ झालं, एवढ्यानंच धार जाते.

शब्दवेडी: मग ‘आम्ही असमर्थ आहोत’?

जुना मास्तर: हे बरं, पण नुसतं नको. वाचणाऱ्याला वाटेल, यांना बुश करताच येत नाहीत. ‘६ दिवसांत देण्यास असमर्थ’ अशी हद्द घाला. ‘नाइलाज आहे’ मात्र हात दुसऱ्या कुणी बांधले असतील तरच शोभतं. तुमचं मशीन रिकामं नाही, हा नाइलाज नव्हे.

चपलांचा दुकानदार: एवढं कशाला? मी ‘बघतो की’ म्हणून सोडतो. फक्त गेल्या दिवाळीत एकजण १२ जोड न्यायला खरंच आला. म्हणाला, तुम्ही हो म्हणाला होता!

बाजारगेटकर: उधारीला नाही म्हणायचं तर पाटी लावा सरळ.

लेथवाला: उधारीचा विषय नाही हो. ‘जमणार नाही’ चालेल का?

जुना मास्तर: फोनवर, आवाज खाली ठेवून. ‘जमायचं नाही’ म्हणालात तर आपल्याकडं तो दम होतो. मेलात ‘शक्य होणार नाही’ बरं. असं लिहा: ‘सध्याच्या कामांमुळे २०० बुश ६ दिवसांत देणं आम्हाला शक्य होणार नाही. सहाव्या दिवशी ८० देता येतील, उरलेले ठरल्या तारखेला. चालेल का?’

शब्दवेडी: वर ‘दिलगीर आहोत’ हवंच.

जुना मास्तर: का? तारीख तर त्यांनी बदलली. दिलगिरी आपल्या चुकीला.

शब्दवेडी: मला नाही पटत. दिलगिरी म्हणजे वाईट वाटणं, चूक कबूल करणं नव्हे.

लेथवाला: ‘दिलगीर’ न घालता पाठवला. उत्तर आलं, ‘८० नको, १०० द्या.’ आता याला काय लिहू?